दोन वर्षं जर्मनीत राहायचं, मग भारतातलं सिम कसं जपायचं आणि परतण्याआधी काय करायचं?

प्रश्न: ऑक्टोबरपासून दोन वर्षांसाठी जर्मनीला मास्टर्सला चाललोय. माझं प्रीपेड सिम बँक, आधार, यूपीआय सगळ्याला लिंक आहे. सिम सोबत नेऊ की आईकडे ठेवू? नीट सांभाळून ठेवलं तर बंद तर पडणार नाही ना? आणि परत येण्याआधी काय करावं लागेल?

उत्तर:

सोबत न्या, आणि डबीत वगैरे न ठेवता फोनच्या स्लॉटमध्येच राहू द्या. जर्मनीचं सिम ई-सिम म्हणून घ्या. वर्षभराची व्हॅलिडिटी मारून जा, इंटरनॅशनल रोमिंग इथूनच चालू करून घ्या आणि रिचार्जची तारीख घरातल्या एका माणसाच्या डोक्यावर द्या. परतीची कामं मात्र विमानात बसण्याच्या महिनाभर आधी सुरू करा. आता प्रत्येक गोष्ट का ते सविस्तर सांगतो. मी बरीच वर्षं टेलिकॉमच्या स्टोअरमध्ये काउंटरवर काढलीत, आणि सिम "अगदी जपून ठेवलेलं" असूनही नंबर गेलेली माणसं त्या काउंटरवर इतकी बघितलीत की हा प्रश्न दिसला की लिहिल्याशिवाय राहवत नाही.

आधी एक समजून घ्या. तुमचा नंबर त्या सिमच्या तुकड्यात नसतो, तो कंपनीच्या डेटाबेसमध्ये असतो. सिममध्ये एक ओळख क्रमांक आणि एक गुप्त किल्ली असते, फोन चालू झाला की सिम नेटवर्कला ती ओळख पटवून देतं आणि मग कंपनीचा सर्व्हर म्हणतो की हो, हा नंबर या सिमचा, आणि याची व्हॅलिडिटी अजून आहे. कार्ड हरवलं, तुटलं तरी नंबर राहतो, दुसरं कार्ड मिळतं. पण सर्व्हरवरची नोंदच पुसली गेली तर कपाटात मखमलीत ठेवलेलं कार्डसुद्धा कामाचं राहत नाही. त्यामुळे "सिम नीट सांभाळून ठेवलं तर" या तुमच्या प्रश्नातला कार्ड सांभाळण्याचा भाग सगळ्यात सोपा आहे, खरं सांभाळायचंय ते रिचार्ज आणि वापर.

नियम काय आहे ते सांगतो. टेलिकॉम कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या ट्रायने २०१३ मध्ये ठरवून दिलं की प्रीपेड नंबर सलग ९० दिवस वापर नसल्याशिवाय कंपनीला बंद करता येत नाही. वापर म्हणजे काय, तर आलेला किंवा केलेला कॉल, पाठवलेला एसएमएस, डेटा वगैरे. नुसता आलेला एसएमएस वापरात धरत नाहीत, आणि इथेच बरेच जण फसतात, कारण त्यांना वाटतं ओटीपी येतायत म्हणजे नंबर जिवंत आहे. ९० दिवस झाले आणि मेन बॅलन्समध्ये ₹२० किंवा जास्त असतील तर दर ३० दिवसांना जास्तीत जास्त ₹२० कापून कंपनीने नंबर राखायचा असतो, बॅलन्स नसेल तर नंबर बंद होतो, आणि बंद झाल्यावर १५ दिवसांच्या आत पैसे भरून परत चालू करून घेता येतो. त्यानंतर तो नंबर किमान ९० दिवस रिकामा ठेवतात आणि मग दुसऱ्या कोणाला तरी विकतात.

पण हे झालं नंबर तुमच्या नावावर राहण्याचं. ओटीपी येण्यासाठी चालू प्लॅन लागतो ही वेगळी गोष्ट आहे. प्लॅन संपला की आधी आउटगोइंग जातं, मग थोड्या दिवसांनी इनकमिंग कॉल आणि एसएमएसही थांबतात. म्हणजे ₹२० कापून नंबर कागदावर तुमचाच असेल, पण बँकेचा एक ओटीपी येणार नाही. लोक मला दाखवतात की बघा बॅलन्समध्ये दोनशे रुपये पडलेत, मग मेसेज का येत नाही, तर याच्यामुळे येत नाही.

एक केस सांगतो, म्हणजे तारखा कशा पळतात ते कळेल. सांगलीचा मुलगा, तुमच्यासारखाच मास्टर्सला गेला. जाताना २० सप्टेंबरला ८४ दिवसांचा प्लॅन मारला आणि सिम काढून घरी कपाटात पाकिटात ठेवलं. प्लॅन १२ डिसेंबरला संपला. डिसेंबर अखेरपर्यंत इनकमिंगही बंद झालं, पण फोनमध्ये सिमच नाही तर कळणार कोणाला. मार्चमध्ये नंबर कायमचा बंद झाला. कंपनीने त्याआधी एसएमएस पाठवून इशारे दिलेच असणार, पण कोणत्या फोनवर वाचणार? मे महिन्यात त्याला नेटबँकिंगचा पासवर्ड बदलायचा होता, ओटीपी येईना, मग आईला म्हणाला सिम फोनमध्ये घालून बघ. आई ते पाकीट घेऊन स्टोअरमध्ये आल्या, सिम एकदम नवंकोरं, कुठे ओरखडा नाही. मी सिस्टिमला बघितलं तर नंबर बंद, आणि १५ दिवसांची मुदत कधीच उलटलेली. असा रिकामा ठेवलेला नंबर कधीकधी जुन्या मालकाला परत मिळतोही, पण मालक स्वतः समोर लागतो, केवायसीला त्याचाच चेहरा लागतो, आईचा चालत नाही. तो ऑगस्टमध्ये आला तोवर नंबर दुसऱ्या कोणाच्या तरी नावावर चढला होता आणि त्या माणसाला याच्या खात्याचे मेसेज जात होते. मग आधी आधार केंद्रात जाऊन नवा नंबर, मग बँकेच्या शाखेत फॉर्म, मग यूपीआय, सुट्टीतले किती दिवस त्यात गेले असतील विचार करा. आणि वाचवायला लागलं काय असतं, तर डिसेंबरात घरून मारलेला एक रिचार्ज.

म्हणून वर्षाचा प्लॅन घ्या. पूर्वी डेटासकटच मोठे प्लॅन घ्यावे लागायचे, डिसेंबर २०२४ मध्ये ट्रायने कंपन्यांना नुसत्या कॉल-एसएमएसचे व्हाउचर द्यायला लावले आणि व्हाउचरची कमाल मुदत ९० दिवसांवरून ३६५ दिवसांवर नेली. २०२५ च्या सुरुवातीला असे प्लॅन ₹१,७०० ते ₹१,९०० च्या घरात आले. तुम्हाला डेटा नकोच आहे, तेव्हा हेच घ्या. फक्त एक बघा, "वर्षाचा" म्हणून विकतात त्यातला एखादा ३३६ दिवसांचा असतो, म्हणजे २८ दिवसांचे बारा महिने. शेवटची तारीख स्वतः काढून कॅलेंडरला टाका, आणि रिमाइंडर शेवटच्या दिवसाचा न लावता पंधरा दिवस आधीचा लावा. परदेशातून रिचार्ज मारणं वाटतं तितकं सरळ नाही, जर्मन कार्ड इथल्या रिचार्ज साइटवर बऱ्याचदा चालत नाही आणि कंपनीच्या ॲपला लॉगिन करायला त्याच नंबरवर ओटीपी लागतो. म्हणून घरचा माणूस पाहिजे, तो आपल्या यूपीआयवरून तुमचा नंबर टाकून दोन मिनिटांत मारू शकतो, त्याला तुमचं सिम लागत नाही की पासवर्ड लागत नाही.

आणि महिना-दोन महिन्यांतून एकदा त्या सिमवरून एक एसएमएस पाठवा किंवा घरून आलेला एक कॉल पाच-दहा सेकंद उचला. प्लॅन चालू असताना सहसा कोणी नंबर बंद करत नाही, पण ९० दिवसांच्या नियमात "वापर" दिसलेला बरा. रोमिंगवर याचे पैसे लागतात, म्हणून प्लॅन सोडून मेन बॅलन्समध्येही शे-दोनशे रुपये ठेवा, ते ₹२० वाल्या कपातीसाठीही उपयोगी पडतात.

आता जाण्याआधीची तयारी, आणि ही तिकिटाच्या किमान पंधरा दिवस आधी करा, आदल्या दिवशी नको. पहिलं म्हणजे सिम नक्की कोणाच्या नावावर आहे ते बघा. कॉलेजला असताना वडिलांच्या आधारवर घेतलेलं सिम असतं आणि मुलाला आठवतही नसतं. वडिलांच्या नावावर असेल तर तुमच्या बाबतीत ते उलट सोयीचं पडतं, कारण डुप्लिकेट लागलं तर ते इथे बसून काढू शकतील. पण आजोबांच्या, वारलेल्या माणसाच्या किंवा जुन्या दुकानदाराने भलत्याच कोणाच्या नावावर काढून दिलेलं असेल तर आत्ताच नावावर करून घ्या, नंतर काही होत नाही. याच संदर्भात घरच्यांना एक सांगून ठेवा. सरकारच्या संचार साथी पोर्टलवर आपल्या नावावर किती नंबर आहेत ते दिसतं आणि समोर Not Required असा पर्याय असतो. नंबर वडिलांच्या नावावर असेल आणि त्यांनी यादीत "हा कुठला?" म्हणून तो पर्याय दाबला तर तुमचं सिम तिकडे जर्मनीत बसल्या बसल्या बंद होईल.

दुसरं, सिम जुनं असेल तर बदलून घ्या. थ्रीजीच्या काळातलं, मोठ्या साइजचं कापून नॅनो केलेलं सिम घेऊन लोक परदेशात जातात. जर्मनीत २०२१ मध्येच थ्रीजी बंद झालंय, फोरजी आणि टूजी आहे, तेव्हा फोरजी न धरणारं सिम तिथे टूजीवर रखडत बसणार. पण सिम बदललं की दूरसंचार विभागाच्या नियमाप्रमाणे पहिले २४ तास त्यावर एसएमएस येत-जात नाहीत, फसवणूक करणाऱ्याने तुमच्या नावे सिम काढलं तर त्याला ओटीपी मिळू नये म्हणून. आणि सात दिवस पोर्टही करता येत नाही. म्हणून पंधरा दिवस आधी म्हणतोय, फॉरेक्स कार्डाचा ओटीपी नेमका त्या दिवशी अडकायला नको.

तिसरं, इंटरनॅशनल रोमिंग. ही सेवा चालू असणं आणि रोमिंग पॅक घेणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ओटीपीसाठी रोज शेकडो रुपयांचा पॅक लागत नाही, मोठ्या कंपन्यांत रोमिंगवर येणारा एसएमएस फुकट असतो, पण सेवा तुमच्या नंबरवर चालू पाहिजे. भारतात असतानाच ॲपवर किंवा स्टोअरमध्ये चालू करा आणि "पॅक न घेता जर्मनीत इनकमिंग एसएमएस येईल का" एवढा एकच प्रश्न नेमका विचारा. बऱ्याच वेळा तिथे पोचल्यावर चालू करायला ओटीपी मागतात आणि ओटीपी यायला रोमिंग लागतं, मग माणूस अडकतो.

चौथं, सिमची माहिती घरी ठेवा. कार्डावर बारीक अक्षरात १९-२० आकडी नंबर छापलेला असतो, भारतातला असेल तर ८९९१ ने सुरू होतो, त्याचा फोटो काढा. सिम ज्या मोठ्या कार्डातून काढलं त्यावर पीयूके, म्हणजे लॉक झालेलं सिम उघडायचा कोड, छापलेला असेल तर त्याचाही. सिमला पिन लॉक लावणार असाल तर लावा, फोन चोरीला गेला तर चोराला तुमचे ओटीपी मिळत नाहीत, मला तर ते आवश्यकच वाटतं. पण लावण्याआधी पीयूके हातात असू द्या. पिन तीनदा चुकला की पीयूके मागतं आणि पीयूके दहादा चुकला की ते सिम कायमचं गेलं, मग डुप्लिकेट, आणि डुप्लिकेट म्हणजे मालक समोर.

तिथे पोचल्यावर सेटिंग असं ठेवा. भारतीय लाइन चालू, डेटा रोमिंग बंद, मोबाइल डेटा जर्मन लाइनवर. फोनने आपोआप नेटवर्क धरलं नाही तर मॅन्युअलला जाऊन Telekom, Vodafone, O2 यातलं एकेक निवडून बघा, एकावर नाही तर दुसऱ्यावर लागतं. आयफोन असेल तर आयमेसेज आणि फेसटाइममधून भारतीय नंबर काढून टाका, नाहीतर तो नंबर ॲक्टिव्हेट करायला फोन गुपचूप इंटरनॅशनल एसएमएस पाठवत राहतो आणि बॅलन्स कुठे गेला ते कळत नाही. पहिल्याच आठवड्यात बँकेचा एक ओटीपी मागवून बघा, आला म्हणजे सगळी साखळी बरोबर आहे.

ई-सिममध्ये बदलून नेऊ का असंही बरेच जण विचारतात. माझं मत, तुमच्यासारख्या केसमध्ये भारतीय सिम फिजिकलच ठेवा. फोन फुटला तर कार्ड काढून दुसऱ्या कुठल्याही फोनमध्ये घातलं की झालं. ई-सिम असेल तर नव्या फोनवर आणायला पुन्हा विनंती, एसएमएस, कन्फर्मेशनचा कॉल, आणि जुना फोन मेलेला असताना हे सगळं परदेशातून करणं फार जड जातं. अपवाद अमेरिकेचा, तिथे आयफोन १४ पासून विकल्या जाणाऱ्या फोनला सिमचा स्लॉटच नाही, तर तिथे जाणाऱ्याने फोन इथून न्यावा किंवा इथेच ई-सिम करून जावं.

कधी कार्ड काढून ठेवावंच लागलं तर ते त्याच्या मूळ मोठ्या कार्डाच्या खाचेत बसवून छोट्या झिपच्या पिशवीत, पासपोर्टजवळ ठेवा. सुट्ट्या पैशांच्या कप्प्यात नको, सोनेरी पट्ट्यांवर चरे पडतात. चिकटपट्टीने डायरीला चिकटवणारेही बघितलेत, तो गोंद पट्ट्यांवर बसतो आणि नंतर फोन सिम ओळखत नाही. तसं झालं तर मऊ कोरड्या कापडाने हलकं पुसायचं, नखाने खरवडायचं नाही. थंडीची काळजी नको, ही कार्डं उणे २५ ते ८५ अंशांपर्यंत चालतील अशी बनवलेली असतात. विमानात मात्र चेक-इन बॅगेत टाकू नका.

आईकडे ठेवायचा पर्याय मी दुसऱ्या नंबरवर ठेवतो. तो चालतो, पण सिम पाकिटात न ठेवता साध्या बटणाच्या फोनमध्ये घालून, आठवड्यातून एकदा चालू करून, एक कॉल करून. चोवीस तास चार्जिंगला लावलेला जुना स्मार्टफोन नको, त्याची बॅटरी फुगते. त्यात खरी अडचण वेळेची आहे, तुम्ही तिथे रात्री नऊला काही करणार, इथे मध्यरात्र उलटून गेलेली असते, आणि आईने ओटीपी वाचून सांगेपर्यंत तो संपतो. शिवाय आईला फोनवर ओटीपी वाचून दाखवायची सवय लागते, आणि उद्या भलत्यानेच "मी तुमच्या मुलाच्या युनिव्हर्सिटीतून बोलतोय" म्हणून फोन केला तर तीच सवय घात करते. एसएमएस फॉरवर्ड करणारी ॲप घालून देणं तर अजिबात करू नका, बँकेचा प्रत्येक मेसेज तिसऱ्याच ॲपच्या हातात जातो. आणि कॉल फॉरवर्डिंगने फक्त कॉल जातात, एसएमएस जात नाही, हे पण लक्षात ठेवा.

मध्येच कधी ओटीपी येईनासा झाला तर घाबरून सिम बदलायला धावू नका, आधी स्क्रीनवर काय दिसतंय ते बघा. No SIM किंवा Invalid SIM दिसत असेल तर कार्डाचा किंवा स्लॉटचा दोष, पुसून दुसऱ्या फोनमध्ये घालून बघा. No Service किंवा Emergency calls only असेल तर रोमिंग बंद झालंय किंवा व्हॅलिडिटी संपलीय, घरी फोन करून तुमच्या नंबरवर कॉल लावायला सांगा. "सेवा तात्पुरती बंद" असं ऐकू आलं तर रिचार्ज मारा, "हा क्रमांक अस्तित्वात नाही" असं ऐकू आलं तर १५ दिवसांची मुदत मोजायला लागा आणि त्याच दिवशी कंपनीला पकडा. नेटवर्कचं नाव दिसतंय, कॉलची रिंगही येते आणि फक्त एकाच बँकेचा ओटीपी येत नाही, तर दोष सिमचा नसून बँकेकडे आहे, तिथे ईमेलवर ओटीपी मिळतो का ते बघा.

व्हॉट्सॲप आणि यूपीआयचं थोडक्यात. दूरसंचार विभागाने २८ नोव्हेंबर २०२५ ला व्हॉट्सॲप, टेलिग्राम, सिग्नलसारख्या ॲप्सना आदेश दिला की ज्या नंबरवर खातं आहे ते सिम त्या फोनमध्येच असलं पाहिजे. म्हणजे भारतीय नंबरचं व्हॉट्सॲप चालवायचं तर सिम कपाटात ठेवण्यापेक्षा फोनमध्ये असणं हेच बरं, नाहीतर व्हॉट्सॲप जर्मन नंबरवर हलवा. यूपीआय ॲप तिथे असताना डिलीट करू नका आणि शक्यतो फोन बदलू नका, कारण पुन्हा सुरू करताना ॲप तुमच्या सिमवरून एक एसएमएस पाठवतं आणि रोमिंगवर तो पुष्कळदा अडकतो. वर्षभर एकही व्यवहार नसलेले यूपीआय आयडी बंद करायला यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने २०२३ मध्येच सांगितलंय, तेव्हा अधूनमधून घरी दहा रुपये पाठवत राहा. शिवाय आता बँका आणि यूपीआय ॲप्स बंद झालेल्या नंबरांची यादी दर आठवड्याला तपासून आपली नोंद बदलतात, म्हणून नंबर गेला की यूपीआयही त्याच्या मागोमाग जातं. आणि अनिवासी झाल्यावर बचत खातं एनआरओ करून घ्यावं लागतंच, ते करतानाच बँकेला विचारा की जर्मन नंबर आणि ईमेल जोडता येईल का. जोडला गेला तर सगळा भार एका सिमवर राहत नाही.

आता परतीचं. महिनाभर आधी व्हॅलिडिटीची तारीख बघा, आणि ती तुम्ही पोचल्यावर किमान महिना पुढे जाईल असा रिचार्ज मारून ठेवा. प्लॅन संपण्याआधी मारलेला बहुतेक वेळा रांगेत लागतो, वाया जात नाही. मग एकेक करून ओटीपी मागवा, बँक, आधार, ईमेल. जिथे येत नाही तिथे काय बिघडलंय ते तिथेच असताना कळेल, तुमच्याकडे तेव्हा जर्मन नंबर आणि चालू बँक ॲप दोन्ही असतात, इथे उतरल्यावर तसं असेलच असं नाही. सिम खराब झालं असेल तर वडिलांच्या नावावर असल्यास त्यांना आठवडाभर आधी डुप्लिकेट काढायला सांगा, पण काढलं की तुमच्याजवळचं सिम त्याच क्षणी बंद होतं, त्यामुळे त्या आठवड्यात ओटीपीचं काही काम ठेवू नका. तुमच्या नावावर असेल तर उतरल्यावर पहिल्याच दिवशी आधार घेऊन स्टोअर गाठा आणि बँकेचं काम दुसऱ्या नाही, तिसऱ्या दिवशी ठेवा, त्या २४ तासांसाठी.

तिकडून नवीन फोन घेऊन येणार असाल तर तो तिथल्या एकाच कंपनीच्या सिमला लॉक केलेला नाही ना ते निघण्याआधी भारतीय सिम घालून बघा, आणि जुना फोन लगेच विकू नका. यूपीआय नव्या फोनवर इथे आल्यावरच सुरू करा, सिम त्याच फोनमध्ये, प्लॅनमध्ये आउटगोइंग एसएमएस असलेला. नव्या फोनवर पहिले २४ तास बऱ्याच बँका ₹५,००० च्या वर जाऊ देत नाहीत, तेव्हा टॅक्सी, घरभाड्याचं डिपॉझिट असं काही मोठं असेल तर दुसरी सोय ठेवा. सिम बदलणं आणि फोन बदलणं एकाच दिवशी करू नका, बँकेच्या सिस्टिमला ते संशयास्पद दिसतं आणि खातं थोड्या वेळासाठी अडकतं.

जर्मन नंबर मात्र घाईने बंद करू नका. घराचं डिपॉझिट, शेवटचा पगार, टॅक्सचा परतावा हे तुम्ही आल्यावर काही महिन्यांनी येतात आणि तिथल्या बँकेला तुमचा जर्मन नंबर माहीत असतो. किमान मुदत संपलेला काँट्रॅक्ट तिथे एक महिन्याच्या नोटिशीने संपवता येतो, त्याआधी तो नंबर प्रीपेडवर घ्या आणि भारतीय सिमसाठी वर जे सांगितलं तेच त्याच्यासाठीही करा, म्हणजे त्या कंपनीची वापर नसल्यावर नंबर बंद करायची मुदत किती आहे ते विचारून तारीख कॅलेंडरला टाका.